आयएमसी असाइनमेंट: जाहिरात, पीआर आणि सेल्स प्रमोशन यांची सुसंगती तपासायची कशी?

गिरगावकर_मृ
नमस्कार. बीएमएसच्या आयएमसी, म्हणजे इंटिग्रेटेड मार्केटिंग कम्युनिकेशनच्या असाइनमेंटसाठी आमच्या ग्रुपने शिशाच्या वादातून आलेल्या बंदीनंतरचं मॅगीचं २०१५ मधलं पुनरागमन घेतलंय. तिन्ही साधनांत सुसंगती किती होती ते तपासून पाचपैकी गुण द्यायचेत. मर्यादा १,५०० शब्दांची आहे, सबमिशन सोमवारी, आणि खर्च करायला पैसे नाहीत, म्हणून सर्व्हे नको. पद्धत सुचवाल का?

परळचा_अजय
सर्व्हेशिवाय या असाइनमेंटला काही वजन नाही. दादर स्टेशनबाहेर उभं राहून निदान २०० जणांकडून फॉर्म भरून घ्या. मीडिया मॉनिटरिंगचा एका महिन्याचा डेटाही विकत मिळतो.

वरळी_नाका
एवढं काही लागत नाही. लोगो, पिवळा-लाल रंग, फॉन्ट आणि टॅगलाइन तिन्हीकडे एकच आहे का ते बघा. असेल तर पाचपैकी पाच. मॅगीच्या बाबतीत पिवळा रंग कुठेच सुटलेला नाही.

प्लॅनिंगवाले_काका
वरळी_नाका, तुम्ही म्हणता ते तपासायला हवंच, पण त्यातून फक्त दिसणं कळतं. पाकीट पिवळंच राहिलं आणि एकीकडचा दावा दुसरीकडे खोटा पडला, तर सुसंगती कुठली?

मृ, आधी गुण कशाला द्यायचे ते ठरव. बहुतेक ग्रुप जाहिरातीला ४, पीआरला ३, प्रमोशनला ५ असं लिहितात. तो आकडा त्या साधनाच्या दर्जाचा झाला. सुसंगती दोन गोष्टींमध्ये असते, म्हणून गुण जोड्यांना दे: जाहिरात–पीआर, पीआर–प्रमोशन, जाहिरात–प्रमोशन. तीन जोड्या, तीन आकडे.

त्याआधी एक तक्ता कर. एका ओळीत एकच गोष्ट, तारखेसकट. रकाने चार पुरतात: कोणाशी बोलतेय, दावा काय, पुरावा काय दिलाय, वाचणाऱ्याने पुढे काय करावं. मग एका ओळीतला दावा दुसऱ्या ओळीशेजारी ठेवून वाच आणि तीनपैकी एक शेरा दे: पूरक, मूक किंवा विरोधी.

परळचा_अजय
म्हणजे तेच, डेटा लागणारच. २०० फॉर्म.

लालबाग_मसालेवाले
आमच्या मालवणी मसाल्यासाठी हँडबिल आधी वाटावं की लोकल केबलवर जाहिरात द्यावी? २५० ग्रॅमच्या पाकिटावर ५० ग्रॅम फुकट द्यायचा विचार आहे.

प्लॅनिंगवाले_काका
मसालेवाले, वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो.

मृ, मॅगीच्या तीन ओळी भरून दाखवतो.

पहिली ओळ, ऑगस्ट २०१५ च्या #WeMissYouToo फिल्म. बोलणं एकटं राहणाऱ्या तरुण पोरांशी आहे. दावा एवढाच की तुम्हाला आमची आठवण येते, तशी आम्हालाही येते. पुरावा काही नाही, आणि दुकानात मालच नसल्यामुळे 'विकत घ्या' असंही नाही.

दुसरी ओळ, ऑक्टोबरमधलं कंपनीचं प्रसिद्धिपत्रक. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पण तीन प्रयोगशाळांत नव्याने चाचणी करायला सांगितली. तिन्ही अहवाल अनुकूल आले, हा इथला दावा आणि हाच पुरावा. हे बोलणं पत्रकार, दुकानदार आणि पालक यांच्याशी आहे.

तिसरी ओळ, नोव्हेंबरमधलं स्नॅपडीलवरचं वेलकम किट. १२ पाकिटं, सोबत कॅलेंडर, फ्रिज मॅग्नेट, पोस्टकार्डं आणि स्वागताचं पत्र. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, मग खरेदी. त्या पत्राचा मजकूर हाती नसेल तर पुराव्याचा रकाना रिकामा ठेव, अंदाजाने भरू नकोस.

आता जोड्या. जाहिरात–प्रमोशन पूरक आहे, कारण मोबाइलवर ऑर्डर करणारा तोच तरुण दोन्हीकडे आहे आणि भावनाही एकच, परत भेटण्याची. पीआर–प्रमोशनमध्ये विरोध नाही, पण प्रयोगशाळेचा अहवाल ज्या आईसाठी महत्त्वाचा, ती किराणा दुकानातून पाकीट घेते आणि नोंदणी करून मिळणारं किट तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे मी ३ देईन.

खरा पेच जाहिरात–पीआरमध्ये आहे. लोकांची भीती शिशाची होती आणि फिल्म शिशाबद्दल अवाक्षर काढत नाही. हा शेरा 'मूक'. तिथे न थांबता हे मौन का, ते तारखेवरून तपास. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलेले अहवाल यायचे होते. तेव्हा फिल्ममध्ये 'सुरक्षित' म्हटलं असतं आणि एकही अहवाल उलटा आला असता, तर पीआरच उघडं पडलं असतं. म्हणून ऑगस्टचं मौन मला पटतं. ऑक्टोबरनंतरच्या जाहिराती काय बोलतात ते मात्र वेगळ्या ओळीत घे, कारण तेव्हा गप्प राहायला ते कारण उरलेलं नव्हतं.

ठाणे_लोकल
किट हे सेल्स प्रमोशन आहे का पण? सूट कुठे होती? ते तर वितरण झालं.

वरळी_नाका
बरोबर. सवलत नाही तर प्रमोशन नाही.

प्लॅनिंगवाले_काका
सवलत हा एक प्रकार झाला. मर्यादित साठा, ठरलेली वेळ, सोबत भेटवस्तू, हे सगळं खरेदी आज व्हावी म्हणून केलेलं असतं. मी ते प्रमोशनच धरतो.

ठाणे_लोकल
मला नाही पटत. माल परत आल्याची बातमी व्हावी म्हणून केलेला कार्यक्रम होता तो. मी पीआरमध्ये टाकेन, आणि मग तुमची पीआर–प्रमोशन जोडीच उरत नाही.

डेस्कवरची_शमा
ही शंका रास्त आहे. असाइनमेंटमध्ये दोन ओळींत वर्गीकरणाचं कारण लिहून टाक, म्हणजे परीक्षक अडवणार नाहीत.

माझ्याकडून एक भर: प्रसिद्धिपत्रक आणि बातमी यांची सरमिसळ करू नकोस. बातमीचा मथळा उपसंपादक देतो. तो कंपनीचा दावा म्हणून तक्त्यात गेला तर विरोध नसलेल्या जागी विरोध दिसायला लागतो. कंपनीचं मूळ पत्रक काढ आणि अवतरणचिन्हांतलं वाक्यच घे. शिवाय पाच मिनिटांत ६०,००० किट संपली हा आकडा बातम्यांत सापडेल. तो मागणी सांगतो, सुसंगतीचा पुरावा म्हणून लावू नकोस.

परळचा_अजय
जुनी वर्तमानपत्रं हवीत तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी कर. आणि २०० नाही तर १०० फॉर्म तरी कर.

प्लॅनिंगवाले_काका
शमांचा मुद्दा पक्का. आणखी एक, पाकिटाला चौथी ओळ दे. एफएसएसएआय या अन्न नियामकाच्या ५ जूनच्या बंदी आदेशात लेबलवरचा 'नो अ‍ॅडेड एमएसजी' हा दावा काढायलाही सांगितलं होतं. जाहिरात आणि पत्रक कितीही जुळली, तरी ग्राहकाच्या हातात पाकीटच असतं. आणि तक्ता ग्रुपमधल्या दोघींनी वेगवेगळा भरून मग ताडून बघा. शेरे जुळले नाहीत त्या ओळीत दाव्याचं वाक्य नीट उतरवलेलं नसतं.

गिरगावकर_मृ
सगळ्यांचे आभार. जोड्यांना गुण द्यायचं ठरलं आणि दोघी जणी वेगळं भरणार आहोत. किट प्रमोशनमध्येच ठेवतेय. पाकिटाची ओळ मात्र घेत नाही, आणि जूनही सोडतेय. १३ ऑगस्ट ते नोव्हेंबरमधली किटची विक्री एवढाच काळ. १,५०० शब्दांत त्याहून जास्त नीट बसणार नाही. सर्व्हे नाहीच.

प्लॅनिंगवाले_काका
जून सोडलास तर लोकांची भीती नेमकी कशाची होती, हे तक्त्यात कुठून येणार? त्याशिवाय 'मूक' शेऱ्याला आधार नाही. एक ओळ तरी ठेव.

गिरगावकर_मृ
प्रस्तावनेत दोन वाक्यं देते, काका. तक्त्यात नाही.

ठाणे_लोकल
किट पीआरच आहे.