क्वांटाइल रिग्रेशनमधलं "0.9 ला 0.69" साध्या मराठीत कसं लिहायचं?

शेवंती: एंगेलचा 1857 चा बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचा डेटा घेतलाय, 235 घरं, वर्षाचं उत्पन्न आणि जेवणाखाण्याचा खर्च, दोन्ही फ्रँकमध्ये.

```
library(quantreg)
data(engel)
rq(foodexp ~ income, tau = c(.1, .5, .9), data = engel)
```

चढ येतो 0.1 ला 0.40, मध्यकाला 0.56 आणि 0.9 ला 0.69, साधं रिग्रेशन मात्र 0.49 हा एकच आकडा देतं. रिपोर्ट मराठीत द्यायचाय. "वरच्या 10 टक्के घरांत एक फ्रँक वाढला की 69 सेंटिम जेवणावर जातात" असं लिहिलं तर चालेल का?

कोकणकडा: चालेल की. श्रीमंत घरं जास्त खर्च करतात एवढंच तर सांगायचंय.

दुर्बीण: नाही हो, "वरच्या" म्हटलं की वाचणारा श्रीमंतच समजणार, तुम्हीही तेच समजलात. उत्पन्न आधीच समीकरणात आहे. 0.9 म्हणजे सारख्याच उत्पन्नाच्या घरांपैकी जी जेवणावर जास्त खर्च करतात त्यांच्याकडची रेघ, 90 टक्के घरं तिच्या खाली. शेवंती, दोन उत्पन्नं धरून दाखव, लगेच कळतं. 500 फ्रँकला 0.1 ची रेघ 311 वर आणि 0.9 ची साधारण 411 वर, 1000 फ्रँकला तेच 512 आणि 754. म्हणजे अंतर 100 वरून 242 झालं. उत्पन्न वाढतं तशी घराघरांतली तफावतही वाढते, आणि ते 0.49 मध्ये दिसतच नाही.

निशिगंध१२: मला सीईटीला 92 पर्सेंटाइल होते, म्हणजे 92 टक्के मुलं माझ्या खाली. हे तसंच ना?

दुर्बीण: बरंचसं तसंच, फक्त तुमची तुलना सगळ्या मुलांशी झाली, इथे सारख्या उत्पन्नाच्या घरांशीच होते.

कोकणकडा: बरं, मग "जास्त खर्च करणाऱ्या घराचं उत्पन्न एक फ्रँकने वाढलं तर ते 69 सेंटिम जेवणावर घालवेल" असं लिहा.

दुर्बीण: तेही नको. प्रत्येक घर एकदाच मोजलंय, उत्पन्न वाढल्यावर तेच घर 0.9 पाशी राहील की मध्यकाकडे सरकेल हे यातून कळत नाही. मी असं लिहीन: "ज्या घरांचं उत्पन्न एक फ्रँकने जास्त, त्यांच्यात 90 टक्क्यांची खर्चाची रेघ 69 सेंटिमने वर असते." आणि नुसते तीन चढ वेगळे दिसले म्हणून परिणाम वेगळा असं ठोकून देऊ नका, प्रत्येक चढाचा विश्वासांतराल द्या आणि 0.1 व 0.9 चे चढ सारखे आहेत का याची वेगळी चाचणी `anova` ने करा. टोकांना घरं विरळ असतात, 0.99 वगैरे तर मी छापणारच नाही.

शेवंती: वाक्य घेतलं. पण तक्त्यावर "सशर्त शततमक" लिहू का? सर तेच म्हणतात.

कोकणकडा: त्याने कोण वाचणार? "सारख्या उत्पन्नाच्या घरांत" पुरे.

दुर्बीण: एकच चल आहे तोवर पुरे. उद्या घरातली माणसं, गाव की शहर हेही मॉडेलमध्ये आलं तर ते शीर्षक दोन ओळींचं होईल, तिथे मला तरी "सशर्त" बरं वाटतं.