शब्दचर्चा : 'असेट टर्नओव्हर' आणि 'लीव्हरेज'ला मराठीत काय म्हणावं?

रोजकीर्द : ड्यूपाँट पद्धतीवर मराठीत टिपण लिहितोय, म्हणजे स्वतःच्या भांडवलावरचा परतावा मार्जिन, असेट टर्नओव्हर आणि लीव्हरेज यांच्या गुणाकारात फोडून पाहायची पद्धत. 'मार्जिन' तसंच ठेवलंय. पण 'मालमत्तेची उलाढाल' लिहिलं तर नीट पोचेल का? आणि लीव्हरेजला 'कर्जाचं प्रमाण' म्हणू का?

घाऊकवाला : उलाढाल म्हणजे वर्षाची विक्री. जीएसटीच्या कागदावर तो आकडा असतोच, वेगळा शब्द कशाला?

तेरीज : घोळ होतो तो इथेच. विक्री रुपयांत असते, इथे विक्री भागिले मालमत्ता करून उत्तर 'वेळा'मध्ये हवं. 'पैसा वर्षातून किती वेळा फिरला' असं बाजारात म्हणतातच, म्हणून मी 'मालमत्तेचे फेरे' लिहीन.

पासबुक : फेरे आवडलं. लीव्हरेज मात्र कर्जच की. कर्ज भागिले स्वतःचं भांडवल.

तेरीज : ते गुणोत्तर खरं आहे, पण या सूत्रात बसत नाही. एक काल्पनिक दुकान घ्या. विक्री 200 लाख, निव्वळ नफा 8 लाख, एकूण मालमत्ता 100 लाख. त्यात मालकाचे 40, बँकेचे 24 आणि पुरवठादारांची उधारी 36 लाख. मार्जिन 4 टक्के, फेरे 2. तुमच्या हिशेबाने लीव्हरेज 24 भागिले 40, म्हणजे 0.6. गुणाकार येतो 4.8 टक्के. पण 40 लाखांवर 8 लाख म्हणजे परतावा 20 टक्के! मालमत्ता भागिले स्वतःचं भांडवल, म्हणजे 2.5 घेतलं की जुळतं:

```
4% × 2 × 2.5 = 20%
```

उधारीवर व्याज नसलं तरी तो पैसा दुसऱ्याचाच, आणि तो या 2.5 मध्ये आहे. 'कर्जाचं प्रमाण' म्हटलं की नेमका तोच नजरेआड होतो. समजा, आदल्या वर्षी याच दुकानाचं मार्जिन 5 टक्के, फेरे 2 आणि हा आकडा 2 होता. तेव्हाही परतावा 20 टक्केच. मार्जिन घसरलं, ती तूट परक्या पैशाने झाकली. एवढ्यासाठी तर फोड करायची.

रोजकीर्द : माझ्या एका उदाहरणात गुणाकार थोडा चुकतोय. फेरे काढताना सुरुवातीच्या आणि अखेरच्या मालमत्तेची सरासरी घेतलीय.

तेरीज : मग तिसऱ्या भागात अखेरची मालमत्ता घेतली असेल. मालमत्तेचा आकडा दोन्हीकडे एकच हवा, तरच तो छेदातून उडतो. आणि सरासरी घ्यायची तर भांडवलाचीही घ्या.

पासबुक : आमच्या पतसंस्थेच्या ताळेबंदावर करून पाहिलं. फेरे जेमतेम 0.1!

तेरीज : साहजिक आहे. तिथे विक्रीच्या जागी व्याजाचं उत्पन्न येतं आणि मालमत्ता म्हणजे दिलेली कर्जं. ठेवींमुळे तिसरा आकडा फुगतो. त्यामुळे दुकानाशी तुलना करू नका, दुसऱ्या पतसंस्थेशी करा.

रोजकीर्द : मग लीव्हरेजला 'भांडवलाची पट'?

पासबुक : 'तरफ' का नको? मूळ अर्थ तोच.

तेरीज : तरफ ऐकून 2.5 कशाचं ते कळत नाही. 'पट' म्हटलं की निदान भागाकार डोळ्यांपुढे येतो.

घाऊकवाला : पट म्हणजे भांडवल अडीच पट वाढलं असं वाटेल हो.