मदत हवी आहे: नवीन पार्टीला उधारीची लिमिट किती आणि कशावरून ठरवायची?

खोकीवाला
नमस्कार मंडळी, आमचं छापील पुठ्ठ्याची खोकी बनवायचं युनिट आहे, माल फक्त कंपन्यांनाच जातो. आतापर्यंत लिमिट वगैरे काही लिहून ठेवलेलं नव्हतं, समोरची पार्टी बरी वाटली की माल द्यायचा, पण गेल्या वर्षी दोन नवीन पार्ट्यांचे पैसे बुडाले आणि आता एक नियम ठरवायचाय. सध्या एक नवी पार्टी आलीय, महिन्याला साधारण ३ लाखांचा माल घेईन म्हणतेय पण ६० दिवसांची उधारी हवीय. आमचं मार्जिन १२ टक्क्यांच्या आसपास आणि सगळा खर्च जाऊन महिन्याला दीड लाख हातात राहतात. हिला किती लिमिट द्यावी?

सुमेधा_अकाउंट्स
त्यांचा बॅलन्स शीट मागवा आणि नेट वर्थच्या १० टक्के लिमिट द्या, आम्ही सगळ्यांना हाच नियम लावतो, भांडण नाही.

जुनालेजर
सुमेधाताई, तो आकडा वरची मर्यादा म्हणून ठीक आहे, पण त्यातून पार्टीला किती झेपेल एवढंच कळतं, यांना किती बुडालेलं झेपेल ते कळत नाही. शिवाय बॅलन्स शीट हातात येतो तेव्हा जुना झालेला असतो.
खोकीवाले दादा, तुमचाच हिशोब करू. महिना ३ लाख आणि ६० दिवस म्हणजे ६ लाख कायम बाहेर. नवी पार्टी पंधरा दिवस तरी उशीर करणार असं धरा, म्हणजे साडेसात लाख. हे बुडाले तर १२ टक्के मार्जिनने भरून काढायला साडेबासष्ट लाखांचा माल विकावा लागेल. म्हणून सुरुवात उलट्या टोकाने करा, एका नव्या पार्टीपायी एका महिन्याच्या नफ्यापेक्षा जास्त घालवायचं नाही, म्हणजे लिमिट दीड लाख. ३ लाखांच्या खरेदीला दीड लाख १५ दिवसच पुरतात, त्यामुळे दिवसही १५ च द्या. ३० दिवसांवर अडून बसले तर प्रत्येक ऑर्डरला निम्मे ॲडव्हान्स घ्या, बाकी तेवढीच राहते. लिमिट दीड लाख आणि मुदत ६० दिवस असं कागदावर लिहून दिलंत तर बिल भरायची तारीख यायच्या आधीच माल अडेल आणि चूक तुमचीच दिसेल.

धावतापाय
माझे एका पार्टीकडे दोन वर्षांपासून पैसे अडकलेत, नोटीस पाठवली, फोन उचलत नाही. कोर्टात जाऊ का?

जुनालेजर
@धावतापाय भाऊ, तो वसुलीचा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. इथे माल द्यायच्या आधीचं चाललंय.
खोकीवाले दादा, एक राहिलं. लिमिट मोजताना फक्त लेजरची बाकी बघू नका. त्यांच्या नावाची छापलेली आणि मशीनवर असलेली खोकीसुद्धा त्यात धरा, कारण ती दुसऱ्या कुणाला विकता येणार नाहीत. लेजरला ९० हजार आणि मशीनवर ७० हजारांचा माल असेल तर लिमिट संपलीच म्हणायची.

खोकीवाला
हे मशीनवरच्या मालाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं दादा, खूप उपयोगी. त्यांनी तीन सप्लायरचे नंबर दिलेत, फोन करून विचारू का?

सुमेधा_अकाउंट्स
विचारा, पण पार्टी कशी आहे असं विचारलंत तर सगळे चांगलीच म्हणतील, नंबर त्यांनीच निवडून दिलेत ना. किती वर्षं माल देता, सगळ्यात जास्त बाकी किती झाली होती, बिलाचे पैसे सरासरी किती दिवसांत येतात, असं विचारा. उत्तर देताना आकडे टाळले तर ते लक्षात ठेवा.

जुनालेजर
बरोबर. आणि लिमिट वाढवायची घाई नको. छोटी बिलं चोख भरून विश्वास बसवायचा आणि मग एकदम चौपट ऑर्डर टाकायची, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. म्हणून लिमिट सहा महिन्यांच्या पेमेंटवर वाढवायची, त्यांच्या ऑर्डरच्या आकारावर नाही. आणखी एक खूण म्हणजे बिलवार पैसे यायचे थांबतात आणि ऑन अकाउंट म्हणून गोल रकमा यायला लागतात. तेव्हा त्यांच्याकडे पैशांची ओढाताण असू शकते, जुनी बिलं तशीच पडून राहतात आणि एकूण बाकी बघून कळत नाही. दर आठवड्याला बिलाच्या तारखेप्रमाणे बाकी काढा, मुदत उलटून १५ दिवस झाले की डिस्पॅच बंद, लिमिट शिल्लक असली तरी.

मार्केटिंगचा_माणूस
हे ऐकायला छान आहे पण १५ दिवसच दिले तर पार्टी दुसरीकडे जाते हो, ६० दिवस देणारे पुष्कळ बसलेत. सगळ्या नव्या पार्ट्यांना दीड लाखांवर अडवलंत तर वाढ कशी होणार?

जुनालेजर
काही जातील, ते खरं आहे. म्हणून निम्मे ॲडव्हान्सचा पर्याय ठेवलाय, तोही नको म्हणणारी पार्टी मी तरी सोडतो. पण दहा नव्या पार्ट्या एकदम आल्या तर दहाही जणांना दीड-दीड लाख द्यायचे का, त्यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

खोकीवाला
आमच्याकडे तसंच होईल, सिझनला चार-पाच नव्या पार्ट्या येतात. सगळ्या नव्यांची मिळून एक वेगळी लिमिट ठेवावी का? आणि अडवलेला माल सोडायचा अधिकार कुणाकडे असावा, कारण सेल्सचा मुलगा रोज सोडा सोडा म्हणून मागे लागतो. कुणी करत असाल तर सांगा.