मुलीची उंची वाढावी म्हणून दुधात कुठली पावडर घालावी?

मैना: मुलगी ८ वर्षांची, उंची ११८ सेंमी. मागच्या वाढदिवसाला डॉक्टरांकडे ११३ होती. मी १५२, नवरा १६५. रोज चार ग्लास दूध पिते, पण पोळी-भाजीला तोंड लावत नाही. कुठली पावडर चांगली?

रानवारा: दूध कमी करू नका हं. कॅल्शियमनेच हाडं वाढतात. शिवाय रोज दहा मिनिटं बारला लटकू द्या.

पिंपळपान: कॅल्शियम हवंच, पण त्याने हाड भक्कम होतं. हाडाची लांबी वाढते ती टोकाच्या कूर्चेतून, आणि तिचा वेग आनुवंशिकता आणि हार्मोन ठरवतात. खाण्यात कमतरता असेल तर वाढ मागे पडते, ती भरून निघाली की मूल आपल्या मार्गावर येतं. त्या मार्गापलीकडे नेणारा पदार्थ नाही. लटकल्याने मणके थोडा वेळ ताणले जातात, इतकंच.

मैना, तुमच्या मुलीचा अंदाज असा: १६५ अधिक १५२, त्यातून १३ वजा, भागिले दोन. म्हणजे १५२. त्याच्या आठेक सेंमी खाली-वर कुठेही चालेल. मला काळजी वाटते ती त्या चार ग्लासांची. ते ८०० मिली झालं. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्याने पोट भरतं म्हणून जेवण राहतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. दूध दोन ग्लासांवर आणा, तेही जेवणाच्या तासभर आधी नको. पावडर नकोच. डब्यामागचा साखरेचा आकडा वाचा. त्याऐवजी डाळ, अंडं, उसळ, वर लिंबू पिळून.

गारवा: माझा मुलगा १४ चा, वर्गात सगळ्यांत बुटका. त्याला दूध वाढवू का?

पिंपळपान: दुधाचा प्रश्न नाही, गारवा. वयात येण्याची काहीच चिन्हं दिसत नसतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. उशिरा वाढणारी मुलंही असतात, पण ते इथे बसून सांगता येणार नाही.

मैना: एक राहिलं. ११८ घरी दाराच्या चौकटीला मोजली. शाळेत त्याच आठवड्यात ११६ भरली.

पिंपळपान: मग वर्षात पाच सेंमी वाढली की तीन, हेच नक्की नाही. पाच ठीक, चारच्या खाली असेल तर थायरॉइडसकट तपासण्या हव्यात. घरी चूक बहुधा पेन्सिलीत होते, ती डोक्यावर तिरकी धरली जाते. खाली पट्टी नसलेली सपाट भिंत निवडा. अनवाणी, टाचा भिंतीला, वेणी सोडून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक असं ठेवा की त्याची कड भिंतीला पूर्ण टेकेल. तीनदा मोजा. दर वेळी सकाळीच मोजा, संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उंची कमी भरते.

मैना: चौकटीला खाली उंबरठा आहे, ती त्यावरच उभी होती! उद्या सकाळी भिंतीला मोजते आणि आकडा टाकते.