पतीसाठी घड्याळ : आवड ठाऊक नाही, सल्ला हवा

मोगरा
लग्नाला दहा वर्षे होत आहेत. यांना घड्याळ द्यायचे आहे, मात्र आवड विचारली की "काहीही चालेल" एवढेच उत्तर मिळते. आठ हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. रोज लोकलने प्रवास असतो आणि घाम खूप येतो. जुने बंद पडलेले घड्याळ कपाटात आहे.

सह्यकडा
ऑटोमॅटिक घ्यावे. त्याला बॅटरी लागत नाही, म्हणजे देखभालीचा प्रश्नच उरत नाही.

काटेकोर
बॅटरी लागत नाही हे खरे, पण हातात नसेल तर असे घड्याळ साधारण दीड-दोन दिवसांत थांबते आणि काही वर्षांनी त्याची साफसफाईही करावी लागते. शनिवार-रविवार घड्याळ काढून ठेवणारा माणूस दर सोमवारी वेळ लावत बसेल. म्हणून मी बॅटरीचेच सुचवेन.

मोगराताई, आवड विचारू नका, ते जुने घड्याळ पाहा. पट्ट्याचे जे भोक ताणून लांबट झाले आहे, त्यात बक्कल अडकवा आणि आतून दोरा फिरवा. मनगटाचा घेर मिळेल. मग डायलची रुंदी मोजा, आणि पट्टा जिथे जोडतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा, कारण ही टोके मनगटाबाहेर गेली की महागडे घड्याळही उसने आणल्यासारखे दिसते.

अंगणवेल
मी पत्नीला स्मार्टवॉच दिले होते. रोज चार्ज करण्याच्या कटकटीमुळे ते दोन महिन्यांत मुलाकडे गेले. तुमच्या पत्नीलाही तसले देऊ नका.

मोगरा
अहो, मीच पत्नी आहे! मोजमाप केले. घेर साडेसोळा सेंटिमीटर, डायल 36 मिलिमीटर, टोकापासून टोकापर्यंत 43. चामड्याचा पट्टा आतून काळा पडून तडकला आहे. दुकानात मला 44 मिलिमीटरचे डायल दाखवत होते.

काटेकोर
ते सोडा. 36 ते 39 मध्ये राहा आणि टोकांमधले अंतर 46-47 च्या पुढे जाऊ देऊ नका. तडकलेला पट्टा घामाची गोष्ट सांगतो आहे, तेव्हा स्टीलची चेन घ्या आणि काढलेल्या कड्या दुकानातून मागून घ्या. मागच्या झाकणावर 30 मीटर लिहिले असेल, तर ते हात धुण्यापुरते आहे असे समजा. पावसाळ्यासाठी 50 किंवा त्याहून अधिक बरे. एवढे सारे आठ हजारांच्या आत बसते.

सह्यकडा
चेनमध्ये हातावरचे केस अडकतात, हेही लक्षात घ्यावे. मी अजूनही चामड्याच्याच बाजूचा आहे.

मोगरा
हे घड्याळ उजव्या हातात बांधतात. त्याने काही फरक पडतो का?

काटेकोर
चावी कोपराच्या बाजूला येते, त्यामुळे हातात असताना ती फिरवणे अवघड जाते. तारखेचा खिडकीचा चौकोन नसलेले घ्या, म्हणजे तीस दिवसांचा महिना संपला की तारीख पुढे सरकवायला नको.