उत्तर: ब्रँड मोहीम आणि क्लिक

> ‘व्हिडिओ मोहिमेला क्लिक जेमतेम आले. साहेब म्हणतात पैसे वाया गेले. ब्रँड सर्च वाढला, पण ते पुरावा म्हणून चालेल का?’

नुसता ‘वाढला’ चालणार नाही. सणासुदीला तो आपोआपही वाढतो. जाहिरातीमुळे किती वाढला हे कळायला काही शहरांत जाहिरात मुद्दाम बंद ठेवावी लागते, आणि ती शहरं मोहिमेआधीच ठरवावी लागतात. नंतर निवडली तर आपण नकळत सोयीचीच निवडतो.

समजा, जाहिरातीच्या शहरांत नावाचे शोध आठवड्याला ४,००० वरून ५,००० झाले. बंद शहरांत ३,००० वरून ३,३००, म्हणजे १० टक्के. मग जाहिरात नसती तरी पहिल्या गटात ४,४०० झालेच असते. तुमची खरी कमाई ६००, हजार नव्हे. आकडे Google Ads मधल्या ब्रँड-नावाच्या सर्च जाहिरातींच्या शहरवार रिपोर्टमधून घ्या, नावाची चुकीची स्पेलिंगं धरून. Search Console शहरवार आकडे देत नाही. Google Trends ० ते १०० असा सापेक्ष अंक देतं, त्यावर हे गणित होत नाही.

दुसरा पुरावा म्हणजे ब्रँड ओळखीचा सर्व्हे. त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. जाहिरात दाखवलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी ब्रँड ओळखला, न दाखवलेल्यांपैकी २० टक्क्यांनी. तीन अंकांची वाढ म्हणून मी मिरवलं. पण दोन्हीकडे माणसं ४००च होती, आणि तेवढ्यात फरक साधारण पावणेसहा अंकांहून मोठा असेल तरच विश्वास ठेवता येतो. हेच आकडे प्रत्येकी २,००० जणांत आले असते तर टिकले असते.

क्लिकचा रिपोर्ट साहेबांना द्या हवा तर, पण या दोन्हींच्या खाली.