मदत हवी आहे: डॉलर एकदम चढला, पंपाचा भाव मात्र टप्प्याटप्प्याने का वाढतोय?

कुटबणचा ट्रॉलरवाला
इंजिनाला थंड पाणी पुरवणारा आयात पंप मडगावात २४,००० ला मिळायचा (जीएसटी सोडून). चार महिन्यांपूर्वी डॉलर ८० वरून ८८ वर गेला. पंप आधी २४,४०० झाला, आता २४,९००. मला दोन पंप हवेत, ३१ जुलैला मासेमारीबंदी संपायच्या आत. आता घेऊ की थांबू? भाव अजून चढेल का?

वास्कोकर
जुना माल जुन्या भावाने आणलेला असतो. त्यावर भाव वाढवला की सरळ नफेखोरी.

हिशेबनीस
वास्कोकर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. माल गोदामात जुना असला तरी तो नव्वद दिवसांच्या उधारीवर आला असेल, तर पैसे आजच्या डॉलरने चुकवावे लागतात. बँकेत आधीच डॉलरचा दर बांधून घेतला असेल, तरच तो सुटतो. पण ती मुदत संपली की पुढची खेप महागच पडते.

ट्रॉलरवालेबाब, पंप २०० डॉलरचा धरू. ८० च्या दराने १६,०००, त्यावर १० टक्के ड्युटी धरली तर १,६००, आणि वाहतूक, भाडं, पगार, नफा मिळून ६,४००. झाले २४,०००. ८८ ला माल १७,६०० आणि ड्युटी १,७६० होते, म्हणजे ड्युटीही रुपयांत वाढते. पण ६,४०० तेवढेच राहतात, कारण दुकानाचं भाडं डॉलरमध्ये नसतं. एकूण २५,७६०. रुपया पडला म्हणून डॉलर १० टक्के महागला, पण पंप पुरता महागला तरी ७.३ टक्केच.

आता २४,९०० बघा. कपाटात निम्मे पंप जुने, निम्मे नवे असतील तर सरासरी २४,८८० येते. दुकानदार बहुधा तीच लावतोय. जुने संपले की उरलेले ८००-९०० चढतील.

शिवोलीची ताई
माझा भाऊ दुबईहून दिरहॅम पाठवतो. ते आता बदलू की ठेवू?

हिशेबनीस
ताई, तो वेगळा प्रश्न. दिरहॅम डॉलरलाच बांधलेला आहे, तेव्हा तुमच्या हाती वाढ त्याच दिवशी येते. मध्ये गोदाम नाही.

वास्कोकर
मग डॉलर खाली आला तर भाव उतरेल?

हिशेबनीस
तिथेच घोडं अडतं. २०१३ च्या ऑगस्टअखेर डॉलर ६८ च्या वर गेला आणि ऑक्टोबरपर्यंत ६२ च्या आसपास परतला. अशी उसळी टिकेल की नाही हे कळेपर्यंत विक्रेते यादी बदलत नाहीत. उतरताना तर ते आणखी सावकाश चालतात.

ट्रॉलरवालेबाब, दुकानदाराला एवढंच विचारा: कपाटातले पंप कोणत्या महिन्याच्या खेपेतले, आणि पुढची खेप कधी? जुने असतील तर आज घ्या.

कुटबणचा ट्रॉलरवाला
विचारलं. जुने तीनच उरलेत. पुढची खेप न्हावा शेवाला अडकलीय म्हणतो, तारीख सांगत नाही. दोन बाजूला ठेवायला सांगितले.

वास्कोकर
तिसऱ्याचा भाव काय लावतो ते इथे कळवा.